फेसाचा कलप आणि क्रीमचा कलप

केस कायमचे रंगवणारा फोम आणि त्याच कामाचे क्रीम यांच्या खोक्यांवरची घटकांची यादी शेजारीशेजारी ठेवून वाचली, तर रंगाच्या रसायनांत फारसा फरक सापडत नाही. दोन्हींत दोन भाग असतात. पहिल्या भागात पॅरा-फेनिलिनडायअमिन म्हणजे पीपीडी किंवा त्याच्या जवळचे टोल्युइन-डायअमिन, त्याच्या जोडीला रिसॉर्सिनॉलसारखी रसायने आणि अमोनिया किंवा इथेनॉलअमिन यांपैकी एखादी अल्कली असते. दुसऱ्या भागात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. पार्लरमध्ये त्यालाच डेव्हलपर म्हणतात. दोन्ही भाग एकत्र झाले की अल्कलीमुळे केस फुगतो, त्यावरचे खवले उचलले जातात आणि रंगाचे अगदी छोटे, अजून रंगहीन असलेले रेणू केसाच्या गाभ्यात शिरतात. तिथे पेरॉक्साइडच्या साहाय्याने ते एकमेकांना जोडले जातात. जोडून मोठे झालेले रंगीत रेणू आल्या वाटेने सहजी बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. हे होताना केसातले मूळचे मेलॅनिनही थोडे फिकट होते.

म्हणजे रंग तोच, रंगण्याची क्रियाही तीच. वेगळे आहे ते हे मिश्रण केसापर्यंत नेणारे माध्यम. क्रीममध्ये सीटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल यांसारखे मेणचट पदार्थ घातलेले असतात. त्यामुळे मिश्रण दाट होते, ब्रशवर उभे राहते आणि जिथे लावले तिथेच थांबते. फोमचे मिश्रण बाटलीत असताना पाण्यासारखे पातळ असते. त्यात शाम्पूतल्यासारखी फेसकारी द्रव्ये असतात आणि बाटलीतून बाहेर पडताना ते हवेबरोबर घुसळले जाऊन दाट फेस तयार होतो. फोमचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा या एका फरकातून निघतात, हे लक्षात ठेवले तर पुढचे निर्णय सोपे जातात.

घरी वापरायचा फोम जपानमधून आला. काओ या कंपनीने २००७ साली ‘प्रेटिया’ या नावाने, दाबून फेस काढायच्या बाटलीतला रंग तिथल्या बाजारात आणला. नंतरच्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपातल्या दुकानांतही असे फोम दिसू लागले. घरी केस रंगवणाऱ्याची एक अडचण सगळीकडे सारखीच असते. आरशात कपाळाकडचा भाग दिसतो, डोक्याचा मागचा भाग दिसत नाही आणि तिथे ब्रश नेमका चालवता येत नाही. समोरचे केस व्यवस्थित रंगलेले आणि मागे पट्टे राहिलेले, हे घरगुती रंगाचे ठरलेले लक्षण. शाम्पू करताना मात्र कोणी मागे पाहत नाही, कारण हात फिरेल तिथे फेस पोहोचतो. फोमची मूळ कल्पना एवढीच आहे.

बाटलीतून केसापर्यंत

फेस काढायच्या बाटलीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली असते. बाटली दाबली की द्रव आणि आतली हवा एकाच वेळी या जाळीतून ढकलली जातात आणि त्यांचे बारीक, एकसारखे बुडबुडे होतात. यासाठी आतला द्रव द्रवच राहायला हवा. म्हणून दोन भाग मिसळताना बाटली खळाखळा हलवायची नसते. झाकण लावून ती पाच-सहा वेळा सावकाश उलटीसुलटी केली की पुरे. जोराने हलवली तर आतच फेस होतो, जाळीपाशी द्रव पोहोचत नाही आणि बाहेर मोठमोठे, पाणचट बुडबुडे येतात. अशा फेसात दम नसतो आणि तो कपाळावरून ओघळतो. बाटली उभी धरून तिचा मधला भाग हळू दाबायचा असतो. तिरपी किंवा उलटी धरली, तर नुसता पातळ द्रव बाहेर येण्याचा संभव असतो.

हातावर घेतलेला फेस भरघोस दिसला तरी त्यातला बहुतेक भाग हवेचा असतो. ओंजळभर फेसात द्रव काही मिलिलिटरच निघतो. केसांवर लावून बोटे फिरवली की बुडबुडे फुटतात आणि त्यांच्यामधला द्रव केसाकेसाच्या फटींतून पसरतो. दाट क्रीम जिथे ब्रशने ढकलावे लागते, तिथे फोमचा द्रव स्वतः ओढला जातो. रंग एकसारखा बसतो तो यामुळे. पाच-सात मिनिटांत फेस बसून केस नुसते ओले दिसू लागतात, तेव्हा अनेकांना वाटते की रंग संपला. तसे नसते. द्रव केसांवर असतोच. पुन्हा शाम्पू केल्यासारखी बोटे फिरवली की फेस परत वर येतो, आणि मध्ये एकदा-दोनदा तसे केलेले चांगलेही.

पांढरे केस किती झाकले जातात

कव्हरेज म्हणजे पांढरा केस किती पूर्णपणे झाकला गेला. याबाबतीत क्रीम पुढे आहे, आणि त्याचे कारण पेरॉक्साइडची ताकद कमी-जास्त असणे हे नाही. हिशोब करून पाहता येतो. भारतात मिळणाऱ्या एकदाच वापरायच्या क्रीमच्या पाकिटांत साधारणपणे २० ग्रॅम क्रीम आणि २० मिलिलिटर डेव्हलपर असते, म्हणजे प्रमाण एकास एक. डेव्हलपर ६ टक्क्यांचे धरले, तर मिश्रणात पेरॉक्साइड ३ टक्के राहते. जपानी पद्धतीच्या फोममध्ये पहिला द्रव ३४ मिलिलिटर आणि दुसरा ६६ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एकास दोन. तेच ६ टक्के इथे मिश्रणात ४ टक्क्यांच्या आसपास राहतात. पेरॉक्साइड फोममध्ये उलट किंचित जास्तच. पण रंग असलेला भाग क्रीमच्या मिश्रणात निम्मा, तर फोममध्ये एक-तृतीयांश. कंपन्या पहिल्या द्रवात रंग वाढवून हे काही अंशी भरून काढतात. तरी मूळ अडचण उरतेच, आणि ती थराच्या जाडीची.

ब्रशने लावलेले क्रीम केसाच्या मुळाशी जाड थराने अर्धा तास बसून राहते. पांढऱ्या केसाने जवळचे रेणू शोषले की त्यांची जागा घ्यायला थरात आणखी रेणू शिल्लक असतात. फोमचा द्रव पातळ थराने पसरतो आणि लांब केसांवर सगळीकडे वाटला जातो. मुळाशी साठा कमी राहतो. साध्या, मऊ पांढऱ्या केसाला एवढे पुरते. कानशिलांवरच्या आणि कपाळालगतच्या पांढऱ्या केसांना बऱ्याचदा पुरत नाही, कारण तिथले केस अनेकांच्या बाबतीत जाड आणि ताठ असतात, त्यांचे खवले घट्ट मिटलेले असतात आणि रंग लवकर आत जात नाही. पार्लरमध्ये अशा केसांवर क्रीमचा पहिला हात सर्वांत आधी देतात, थर जाड ठेवतात, आणि फारच अडून बसलेले केस असतील तर रंगाआधी नुसते डेव्हलपर लावून त्यांना थोडे मऊ करून घेतात. फोममध्ये यातले पहिले एवढेच काही प्रमाणात जमते.

त्यामुळे ढोबळ नियम असा मानता येतो. पांढरे केस डोकेभर विखुरलेले आणि एकूण केसांच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असतील, तर फोमने काम भागते. निम्म्याच्या वर गेले किंवा एकाच जागी पुंजक्याने असले, तर क्रीम घ्यावे. पांढऱ्या केसांसाठी म्हणून वेगळे बनवलेले फोमही मिळतात. त्यांत रंग अधिक असतो आणि ते फॅशनच्या शेडच्या फोमपेक्षा चांगले झाकतात, पण थराच्या जाडीची मर्यादा त्यांनाही चुकत नाही.

कव्हरेज बिघडण्याचे दुसरे कारण शेडच्या निवडीत असते, आणि काळ्या केसांच्या देशात ते फार आढळते. पार्लरमध्ये केसांचा गडदपणा १ ते १० या आकड्यांनी मोजतात. १ म्हणजे काळाभोर आणि १० म्हणजे सर्वांत फिकट सोनेरी. महाराष्ट्रातल्या बहुतेकांचे केस १ ते ३ मध्ये बसतात. घरगुती फोम नैसर्गिक केसाला एखाद-दुसऱ्या पायरीनेच फिकट करतो. आता २ आकड्याच्या केसांवर कोणी ६ आकड्याचा राखाडी-तपकिरी फोम लावला, तर काळे केस जेमतेम गडद तपकिरी होतात आणि ते उन्हातच दिसतात. पांढऱ्या केसांत मात्र झाकायला मेलॅनिनच नसते, म्हणून ते खोक्यावरच्या चित्रासारखे फिकट तपकिरी होतात. परिणाम असा की पांढरे केस लपण्याऐवजी फिकट रेघांसारखे उठून दिसतात. काहींना ते आवडतेही. झाकणे हा हेतू असेल, तर आपल्या केसांच्या जवळची, ३ किंवा ४ आकड्याची, ‘नॅचरल’ असे लिहिलेली शेड घ्यावी. लाल, तांबूस किंवा राखाडी छटेचे फोम पांढऱ्या केसांवर विरळ, पारदर्शक बसतात.

ताबा कुठे राहतो, कुठे सुटतो

ताबा या शब्दात तीन गोष्टी येतात: रंग कुठे लागावा, किती जाड लागावा आणि कुठे किती वेळ राहावा. फोम हाती घेतला की या तिन्हींवरचा ताबा कमी होतो. त्याच्या बदल्यात डोकेभर एकसारखेपणा मिळतो. हा सौदा पहिल्यांदा केस रंगवताना फायद्याचा असतो, कारण तेव्हा सगळ्या केसांना तेच हवे असते. पुढच्या वेळी चित्र बदलते.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. रंगवल्यावर दोन महिन्यांनी मुळाशी दोन-अडीच सेंटिमीटरचा न रंगलेला पट्टा दिसू लागतो. त्याखालची लांबी अगोदरच रंगलेली असते. तिला पुन्हा पूर्ण रंग नको असतो. ब्रश आणि क्रीमने नेमका तेवढाच पट्टा रंगवता येतो. यालाच टचअप म्हणतात. फोम मुळांशी थांबत नाही. बोटांनी फिरवताच तो लांबीवर उतरतो आणि आधीच्या रंगावर आणखी एक थर चढतो. दोन-तीन वेळा असे झाले की टोके काळपट, निस्तेज होतात आणि मुळांचा रंग त्यांच्यापेक्षा उजळ दिसतो. टोकांकडचे केस जुने असतात. खांद्यापर्यंतच्या केसाचे टोक दोन वर्षांपूर्वी उगवलेले असते आणि उन्हाने, विंचरण्याने, ड्रायरने त्याचे खवले झिजलेले असतात. असा केस नव्या केसापेक्षा जास्त रंग शोषतो. फोमवर ‘मुळांच्या टचअपसाठी’ असे लिहिलेले असले तरी ते पटण्यासारखे नाही. फोमचा स्वभावच त्याच्या उलट आहे. अगदी आखूड केसांवर मात्र हा प्रश्न उरत नाही. तिथे मूळ आणि लांबी यांत अंतरच नसते, आणि महिन्या-दीड महिन्याने केस कापले जात असल्याने रंगाचे थर साचायला वेळ मिळत नाही.

हायलाइट, बटा वेगळ्या रंगवणे, खालचा भाग फिकट आणि वरचा गडद ठेवणे, अशी कामे फोमने करू नयेत. एका बटेवर लावलेला फोम शेजारच्या बटेत शिरल्याशिवाय राहत नाही. आधी हायलाइट केलेल्या केसांवर फोम लावला, तर फिकट बटा सगळ्यात आधी आणि सगळ्यात गडद रंगतात.

एका बाबतीत लोकांचा समज उलटा असतो. फोम पातळ असल्याने तो जास्त ओघळेल असे वाटते. चांगला फेस प्रत्यक्षात ओघळत नाही. क्रीमही ओघळत नाही, पण त्याचे गोळे ब्रशवरून खांद्यावर आणि फरशीवर पडतात. फोमचा त्रास वेगळा. तो पसरत असल्याने कपाळाची कड, कानांच्या पाळ्या आणि मानेचा मागचा भाग जास्त रंगतो. त्यासाठी आधीच या जागी पेट्रोलियम जेलीची पातळ रेघ ओढावी, पण ती केसांना लागू देऊ नये. लागलेल्या केसांत रंग शिरत नाही आणि नेमक्या कानशिलांवरच पांढरे ठिपके राहतात.

कोणत्या केसांना फोम मानवतो

फोम सर्वांत चांगला बसतो तो बारीक ते मध्यम जाडीच्या, सरळ किंवा हलक्या लाटांच्या, खांद्यापर्यंतच्या केसांवर. त्यातही केस कधी न रंगवलेले असतील किंवा मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाचे असतील, तर उत्तम. बारीक केसांवर जाड क्रीम अनेकदा चिकटून बसते, बटा बनतात आणि बटेच्या आतले केस कोरडे राहतात. तिथे फोमचा पातळ द्रव जास्त समपणे पोहोचतो. ज्यांचे हात खांद्याच्या दुखण्यामुळे मागे जात नाहीत, त्यांनाही फोम सोयीचा आहे.

दाट आणि लांब केसांची अडचण प्रमाणाची असते. एका फोममधले १०० मिलिलिटर मिश्रण खांद्यापर्यंतच्या मध्यम केसांना पुरते. कमरेपर्यंतच्या दाट केसांना दोन बाटल्याही अपुऱ्या पडू शकतात. फेस भरपूर दिसत असल्याने हे लक्षात येत नाही आणि वरचा थर रंगून आतले केस तसेच राहतात. दाट केसांवर फोम वापरायचाच असेल, तर आधी केसांचे चार भाग पाडून प्रत्येक भाग आतून बाहेर भिजवत जावे. पण इतके करायचे, तर क्रीमच काय वाईट, असा प्रश्न उरतो.

कुरळ्या केसांबाबत सावधगिरी हवी. हलके कुरळे केस फोमने चांगले रंगतात, कारण द्रव वळणावळणांत शिरतो. घट्ट कुरळ्या केसांना मात्र शाम्पूसारखे चोळले की गुंता होतो, आणि अल्कलीने फुगलेला केस गुंता सोडवताना लवकर तुटतो. अशा केसांवर भाग पाडून, बोटांनी दाबत क्रीम लावलेले बरे. ब्लीच केलेल्या किंवा रसायनाने सरळ केलेल्या केसांची टोके सच्छिद्र झालेली असतात. तिथे फोम असमान आणि गडद बसतो.

मेंदी लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्याकडे ती वारंवार येते. निव्वळ मेंदीतला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिनला चिकटून राहतो. वर्षानुवर्षे मेंदी लावलेल्या केसांत क्रीम आणि फोम दोन्ही कमी शिरतात, पण फोमच्या पातळ थराला ते अधिक जड जाते. तांबूस छटा खालून डोकावत राहते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी असते, म्हणजे ती नुसती मेंदी नसतेच. काही जुन्या पद्धतीच्या, रोज लावत गेल्यावर हळूहळू केस काळे करणाऱ्या द्रवांत शिसे किंवा चांदीचे क्षार असतात. असे क्षार पेरॉक्साइडला भेटले की केस तापू शकतो, वाफ येऊ शकते आणि केस तुटतो. शंका असेल तर आतल्या बाजूची छोटी बट कापून ती २० मिलिलिटर ६ टक्के पेरॉक्साइड आणि २० थेंब अमोनिया यांच्या मिश्रणात काचेच्या भांड्यात अर्धा तास ठेवावी. बुडबुडे उठले, भांडे गरम झाले किंवा बटेचा रंग अचानक बदलला, तर त्या डोक्यावर फोम किंवा क्रीम काहीही लावू नये. ते केस वाढून कापले जाण्याची वाट पाहणे हाच उपाय.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, एका स्त्रीचे केस खांद्यापर्यंत, सरळ, मध्यम दाट आणि २ आकड्याचे काळे आहेत. सुमारे एक-चतुर्थांश केस पांढरे झालेले, बहुतेक विखुरलेले, पण दोन्ही कानशिलांवर जरा जास्त. केस आजवर रंगवलेले नाहीत, मेंदीही नाही. फोमसाठी हे डोके जवळजवळ आदर्श आहे. फक्त कानशिलांची काळजी घ्यावी लागेल. शेड घ्यायची ती ३ आकड्याची, गडद नैसर्गिक तपकिरी.

रंगवायच्या ४८ तास आधी चाचणी करायची. दोन्ही द्रवांचे एकेक-दोन थेंब खोक्यावरच्या प्रमाणात मिसळून कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावायचे आणि तसेच वाळू द्यायचे. खाज, लाली, सूज किंवा फोड दिसले, तर तो रंग वापरायचा नाही. फोम सौम्य दिसतो म्हणून ही चाचणी टाळली जाते. पण त्यातही पीपीडी तेच असते, आणि चोळून लावण्याच्या पद्धतीमुळे ते टाळूला क्रीमपेक्षा जास्त लागते. भारतात पीपीडीसारखी द्रव्ये असलेल्या रंगांच्या वेष्टनावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे नियमानेच बंधनकारक आहे. डोळ्यांना इजा होऊन दृष्टी जाण्याचा धोका त्यात स्पष्ट लिहिलेला असतो.

आदल्या दिवशी शाम्पू करून केस पूर्ण कोरडे ठेवायचे, तेल लावायचे नाही. ओल्या केसांवर फोम आणखी पातळ होतो आणि आधीच तुटपुंजा असलेला रंग आणखी विरतो. रंगवण्याच्या दिवशी टाळू घासलेली नसावी, म्हणजे आग होत नाही.

हातमोजे घालून, द्रव मिसळून, पहिला फेस दोन्ही कानशिलांवर लावायचा. तिथले पांढरे केस बोटांनी चेपून भिजवायचे. मग मागचा भाग, बाजू आणि शेवटी डोक्याचा वरचा भाग. वरचा भाग शेवटी ठेवतात, कारण टाळूच्या उबेने तिथे रंग लवकर चढतो. सगळे केस भिजले की शाम्पूसारखी बोटे फिरवायची, नखे लावायची नाहीत. दहा मिनिटांनी कानशिलांवर थोडा ताजा फेस पुन्हा. ही एक पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच कव्हरेज हुकते. दोन्ही द्रव एकदा मिसळले की रंग तयार होण्याची क्रिया सुरू होते, त्यामुळे बाटलीतला उरलेला द्रव तेव्हाच वापरावा लागतो, तासाभराने नाही.

वीस मिनिटांनी कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून उजेडात पाहायची. पांढरे केस पिवळट किंवा फिकट दिसत असतील, तर आणखी पाच-दहा मिनिटे थांबायचे. खोक्यावर दिलेल्या कमाल वेळेपलीकडे जायचे नाही, बहुधा ती ३० मिनिटे असते. जास्त ठेवून कव्हरेज वाढत नाही, कारण तोवर मिश्रणातले रेणू केसाबाहेरच जोडले जाऊन मोठे झालेले असतात आणि आत शिरू शकत नाहीत. मग कोमट पाणी घालून पुन्हा एकदा फेस करायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे आणि सोबत दिलेले कंडिशनर लावायचे.

अशा डोक्यावर निकाल बहुधा असा येतो: विखुरलेले पांढरे केस बाकीच्यांत मिसळून जातात आणि कानशिलांवर जवळून पाहिले तर थोडी फिकट छटा दिसते. दोन महिन्यांनी मुळे दिसू लागतील, तेव्हा मात्र तीच बाटली आणायची नाही. तेव्हा त्याच शेडचे, २० अधिक २० चे क्रीमचे पाकीट घ्यायचे. केसांचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात सेंटिमीटरपेक्षा बारीक पापुद्रे उचलायचे आणि ब्रशने फक्त वाढलेला पट्टा भरायचा. सुरुवात कानशिलांपासून. लांबीचा रंग उतरलेला वाटला, तर शेवटच्या पाच मिनिटांत थोडे पाणी शिंपडून क्रीम कंगव्याने खाली ओढायचे. फोमची पाळी पुन्हा येते ती लांबीसकट सगळाच रंग उडालेला असेल तेव्हा. म्हणजे ही दोन उत्पादने एकाच डोक्यावर आलटूनपालटून वापरता येतात. कोणते एक कायमचे धरून बसण्याची गरज नाही.

चुकले ते कसे ओळखावे

केस वाळल्यावर, खिडकीजवळच्या उजेडात पाहिले की चुकीमागचे कारण बहुधा जागेवरून कळते. पांढरे केस डोकेभर सारखेच फिकट राहिले असतील, तर शेड फार उजळ निवडली गेली किंवा केस ओले होते. फक्त कानशिलांवर राहिले, तर तिथे द्रव कमी पोहोचला किंवा तिथले केसच हट्टी आहेत. मागे आतल्या थरात पट्टे असतील, तर फेस पुरला नाही. मुळांशी उजळ आणि खाली काळपट, असे दिसले तर जुन्या रंगावर थर चढला आहे. पहिल्यांदाच रंगवलेल्या केसांची मुळे मात्र लालसर-उजळ आणि लांबी गडद दिसली, तर टाळूच्या उबेने मुळांतले मेलॅनिन जास्त फिकट झाले आहे.

यावर लगेच दुसरा फोम लावणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण राहिलेल्या जागेबरोबर रंगलेली जागाही आणखी गडद होते. दोन आठवडे थांबून राहिलेली जागा ब्रशने, क्रीमने भरावी. गडद टोकांवर घरी इलाज नाही. रंगाने रंग फिकट होत नाही, त्यासाठी पार्लरमध्ये रंग काढणारी प्रक्रिया करावी लागते किंवा टोके कापावी लागतात.

उरलेले मिश्रण पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही, मग ते फोमचे असो वा क्रीमचे. त्यातला रंग तासाभरात निरुपयोगी होतो आणि पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो. फोमची बाटली झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली, तर आतला दाब वाढून ती फुगते आणि फुटूही शकते. म्हणून उरलेले ओतून टाकावे, बाटली धुवावी आणि झाकण उघडे ठेवूनच ती कचऱ्यात टाकावी.